बाळ हाताला येईल ते तोंडात का घालतं?

कैरीचं_लोणचं

आमचे चिरंजीव आता सात महिन्यांचे आहेत. पोट भरलेलं, झोप झालेली, लंगोटही बदललेला, म्हणजे तक्रारीला काही जागा नाही. तरी हाताला जे लागेल ते सरळ तोंडात. दुपट्याचं टोक, माझी वेणी, आजोबांच्या चष्म्याची काडी, स्वतःचा पाय आणि सगळ्यांत लाडका टीव्हीचा रिमोट.

सासूबाई म्हणतात दात शिवशिवतायत. शेजारच्या काकू म्हणतात दूध पुरत नाही, वरचं सुरू करा. (उष्टावण होऊन महिना झाला हो काकू!) नवरा म्हणतो, "त्याला काही कळत नाही, म्हणून घालतो." मला यातलं एकही पटत नाही. कारण काल मी नीट बघत बसले. त्याने रिमोट तोंडात घातला, थोडा वेळ चघळला, बाहेर काढला, डोळ्यांसमोर धरून गंभीरपणे पाहिला, मग उलटा करून दुसरी बाजू घातली. भूक लागलेलं किंवा हिरड्या ठणकणारं पोर असं वागेल का? हा तर सोनार दागिना बघतो तसा बघत होता.

तर प्रश्न एवढाच: हे नक्की का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळ_टोणगा

रिमोट परत मिळवायचा असेल तर चॅनल बदलून बघा. आमच्याकडे रडणं थांबायचं पण सासरे सुरू व्हायचे.

निमाकाकू

अगं दातच ते. माझी तीन मुलं आणि पाच नातवंडं झाली, सगळ्यांचं असंच. लाळ गळते का? लाळेरं भिजतं ना सारखं? मग झालं तर. आम्ही जाड खारीक धुवून हातात द्यायचो, बसायचं पोर तासभर चोखत. गोडही लागतं आणि हिरड्यांनाही बरं वाटतं. उगाच शास्त्र शोधत बसू नका.

कैरीचं_लोणचं

काकू, लाळ गळते. पण तो चौथ्या महिन्यापासून मुठी चोखतोय आणि दाताचा अजून पत्ता नाही. तीन महिने दात शिवशिवतायत म्हणायचं का?

जोशीबुवा

सोपं आहे. जीभ आणि ओठ ही शरीरातली सगळ्यांत संवेदनशील ठिकाणं. लहान बाळाला नीट दिसत नाही, म्हणून ते जिभेने बघतं. दिसायला लागलं की आपोआप बंद होतं. निसर्गाची योजना.

खेड्यातला_डॉक्टर

बुवा, पहिलं वाक्य बरोबर, दुसरं नाही. सात महिन्यांच्या बाळाला चांगलं दिसतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला आई दिसली तर हसतं, जमिनीवर पडलेला चुरमुरा तुमच्या आधी त्याला दिसतो. दिसत नाही म्हणून तोंड, असं असतं तर जन्मल्यावर सगळ्यांत जास्त आणि मग कमी कमी होत गेलं असतं. प्रत्यक्षात उलट दिसतं. तीन-चार महिन्यांना सुरू होतं, सहा ते नऊ महिन्यांत कळस गाठतं, वर्षानंतर ओसरतं. म्हणजे नजर चांगली असतानाच ते जोरात असतं.

मग तोंडच का? हाताशी तुलना करा. सहा महिन्यांच्या बाळाचा हात म्हणजे एक मूठ. पाचही बोटं एकदम मिटतात. एक बोट वेगळं काढून वस्तूच्या कडेवरून फिरवणं अजून जमत नाही. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाणा उचलणं नवव्या-दहाव्या महिन्याकडे येतं. तोंडाचा सराव मात्र कितीतरी जुना. अंगठा चोखणारं बाळ आपण पोटात असतानाच सोनोग्राफीत बघतो. गर्भाला स्पर्श कळायला लागतो तोही सगळ्यांत आधी ओठांच्या आजूबाजूला, साधारण आठव्या आठवड्याच्या सुमारास. म्हणजे सात महिन्यांच्या बाळाकडे दोन अवजारं आहेत, एक नवशिकं आणि एक मुरलेलं. ते मुरलेलं वापरतं, इतकंच.

दात हे कारण नाहीच असं मी म्हणत नाही. दात येताना चावणं, दाबणं वाढतं, निमाकाकूंचं तेवढं खरं. पण ती वरची भर आहे, मूळ कारण नाही. आणि लाळ गळते म्हणजे दातच, असंही नाही. या वयात लाळ वाढते आणि ती गिळण्याचं कौशल्य मागे राहतं, म्हणून ती बाहेर येते.

निमाकाकू

बरं बाबा. पण खारीक चांगली की नाही ते सांग.

खेड्यातला_डॉक्टर

एकही दात नसेल तोवर, तुमच्या डोळ्यांसमोर, चालेल. खालचे दोन दात आले की बंद. ते दोन दात तासणीसारखे चालतात आणि भिजलेल्या खारकेचा लचका तुटून येतो. चावायला दाढा नाहीत आणि घशाशी तुकडा, ही जोडी वाईट.

रानवारा

डॉक्टरांच्या तोंडाच्या मुद्द्याला माझ्याकडून एक उदाहरण. जेवताना दाताच्या फटीत मेथीचा तंतू अडकतो. जीभ सांगते की हा सुतळीएवढा आहे. काडीने काढून बोटावर घेतला तर दिसतही नाही. भातातला खडासुद्धा बोटाने कालवताना सुटतो, जिभेला बरोब्बर सापडतो. आपण मोठे झालो तरी सगळ्यांत बारीक मोजमाप आपलं तोंडच करतं, फक्त चारचौघांत वापरत नाही.

शंकासुर

रानवारा, उदाहरण आवडलं. याचं मापही काढलेलं आहे. कंपासची दोन टोकं त्वचेला टेकवायची आणि ती दोन आहेत हे कळायला किती अंतर लागतं ते बघायचं. मोठ्या माणसाच्या जिभेच्या शेंड्याला सुमारे एक मिलिमीटर पुरतं, बोटाच्या टोकाला दोन-तीन लागतात, तळहाताला सेंटीमीटरच्या आसपास. बाळ वस्तू पकडतं ती तळहाताने! मग ती ओळखायला ते तळहातावर कशाला विसंबेल?

कैरीताई, तुम्ही जे पाहिलंत (तोंडात, बाहेर, नजर, पुन्हा तोंडात) ते बाळांचा अभ्यास करणाऱ्यांनीही नोंदवलं आहे. होली रफ नावाच्या संशोधिकेने १९८० च्या दशकात बाळांना वस्तू देऊन तासन् तास हेच बघितलं. तिच्या लक्षात आलं की नुसतं चघळणं वेगळं आणि चघळून लगेच बाहेर काढून बघणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात बाळ माहिती गोळा करत असतं. शिवाय वस्तू ओळखीची झाली की ही चाचपणी कमी होते. भूक किंवा हिरड्या हे कारण असतं तर वस्तू जुनी झाल्याने काय फरक पडला असता?

अर्धवटराव

शेवटच्या वाक्यावर मी साक्ष द्यायला उभा आहे. मुलगी साडेसात महिन्यांची असताना मी घरून काम करत होतो आणि मीटिंगा कंटाळवाण्या होत्या. वहीत नोंदी केल्या. अजून आहे ती वही.

वस्तू: लहान पोळपाटाबरोबर येतं ते छोटं लाटणं, बिनरंगाचं, एक वीत लांब. रोज सकाळी दूध पिऊन अर्धा तास झाल्यावर (म्हणजे भूक नाही) दहा मिनिटं हातात द्यायचं आणि किती वेळा तोंडात गेलं त्याच्या रेघा ओढायच्या. बाकी दिवसभर लाटणं कपाटात.

पहिल्या दिवशी १४ वेळा. दोन्ही टोकं, मग मधला जाड भाग, तो तोंडात मावेना म्हणून चिडचिड. एकेकदा बाहेर काढून नुसती बघत राहायची. दुसऱ्या दिवशी ९. तिसऱ्या दिवशी ११, पण त्या दिवशी झोप अर्धवट होती, तेव्हा ती नोंद सोडून द्या. चौथ्या दिवशी ४, आणि बाकीचा वेळ लाटणं फरशीवर आपटणं. पाचव्या दिवशी मी लबाडी केली. एका टोकाला जाडाभरडा टॉवेलचा तुकडा घट्ट शिवून टाकला. पुन्हा १२! आणि त्यांतल्या दहा वेळा टॉवेलचंच टोक. साधं टोक तिला पाठ झालं होतं.

दात तेच, हिरड्या त्याच, पोटही तसंच भरलेलं. बदललं फक्त टोक.

टवाळ_टोणगा

तुमच्या मीटिंगांमध्ये काय झालं त्याच्या नोंदी आहेत का?

अर्धवटराव

त्या नाहीत. त्या लोकांना मी अजून ओळखत नाही, तोंडात घालून बघायची सोय नव्हती.

कैरीचं_लोणचं

हहपुवा!!

शंकासुर

अर्धवटराव, झकास. पण एका बाळाच्या पाच दिवसांवरून फार ताणू नका. चौथ्या दिवशी कमी झालं ते "पाठ झालं" म्हणून की आपटण्याचा नवा शोध लागला म्हणून? दोन्ही असू शकतं. टॉवेलचं टोक मात्र चांगला पुरावा आहे, कारण तिथे आपटण्याची मुभा असूनही ती तोंडाकडे वळली. तरी टॉवेल ओलसर, मऊ असतो, नुसता आवडलाही असेल.

अर्धवटराव

मान्य. दुसऱ्या टोकाला तसाच टॉवेल शिवून सहावा दिवस करायला हवा होता. पण सहाव्या दिवशी बायकोला लाटणं हवं होतं.

पाटीवरची_पेन्सिल

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तो भिंतीचा चुना नखाने खरवडून खातो आणि खडूही. धागा वाचून बरं वाटलं की हे नॉर्मल आहे, शिकण्यासाठीच करतात. किती वयापर्यंत चालतं?

खेड्यातला_डॉक्टर

ताई, थांबा. तुमच्या मुलाचं आणि या धाग्यातल्या बाळाचं प्रकरण वेगळं आहे. बाळ हजार वस्तू तोंडात घालतं, चाखतं, सोडतं. तुमचा मुलगा एकच प्रकार शोधून काढतोय आणि गिळतोय, तेही साडेचार वर्षांचा असताना. दोन वर्षांपुढे माती, चुना, खडू, पाटीची पेन्सिल महिनाभरापेक्षा जास्त चालू असेल तर मी पहिल्यांदा हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा तपासतो. आपल्याकडे पुष्कळ वेळा तो कमी निघतो, आणि लोह सुरू केल्यावर ही खोड कितीतरी मुलांची सुटते. जंत आणि जुन्या रंगातलं शिसं हेही बघायला हवं. रागावून उपयोग नाही. या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे न्या.

पाटीवरची_पेन्सिल

बरं झालं विचारलं. उद्याच नेते. मी लहानपणी पाटीची पेन्सिल खायचे, म्हणून हे नाव घेतलं होतं. आता बदलावं लागणार.

फिरस्ती

(न्यू जर्सीहून) इथे आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की फरशी चाटली तरी चिंता नको, प्रतिकारशक्ती वाढते. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की बाळं जंतूंची ओळख करून घ्यायलाच सगळं तोंडात घालतात. आपण भारतीय उगाच उकळून उकळून पाजतो.

शंकासुर

"सिद्ध केलंय" ला माझा आक्षेप. फेसलर आणि एब्रम्स या दोघांनी २००४ मध्ये असा तर्क मांडला की आईच्या दुधाचं संरक्षण असतानाच बाळाने थोड्या थोड्या जंतूंशी गाठ घालून घ्यावी, म्हणून ही सवय टिकली असेल. तर्क डोकेबाज आहे, पण तो तर्कच आहे. तसाच २०१३ चा एक स्वीडिश अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात ज्या आईबापांनी बाळाची चोखणी पाण्याऐवजी स्वतःच्या तोंडात घालून साफ केली, त्यांच्या मुलांना दीड वर्षाच्या वयात इसब वगैरे कमी दिसला. सगळी मिळून १८४ बाळं. पण ती आईबापांची लाळ होती, फरशी नव्हे! आणि असे आईबाप बाकीच्या बाबतींतही वेगळे वागत असतील, तो भाग उरतोच.

खेड्यातला_डॉक्टर

शिवाय फरशी कुठली तेही बघा. न्यू जर्सीतल्या दिवाणखान्याची फरशी आणि माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बाळांचं अंगण एक नाही. अंगणात कोंबड्या मोकळ्या, शेळी बांधलेली. तिथलं रांगतं बाळ मातीबरोबर काय काय उचलतं ते मी हगवणीच्या रूपाने बघतो. मी त्यांना "रांगू देऊ नका" सांगत नाही, ते अशक्य आहे. एक चटई किंवा ताडपत्री रांगण्यासाठी राखून ठेवा, तिच्यावर कोंबडी आणि चपला नकोत, आणि बाळाचे हात दिवसातून चार-पाच वेळा साबणाने धुवा, एवढंच सांगतो. वस्तूपेक्षा बाळाचे स्वतःचे हातच सगळ्यांत जास्त वेळा तोंडात जातात, हे विसरलं जातं.

फिरस्ती

मुद्दा मान्य. माझ्या आजोळच्या अंगणात कोंबड्या होत्या आणि आम्ही सगळे जगलो, एवढं मात्र म्हणू द्या.

टवाळ_टोणगा

जे नाही जगले ते मायबोलीत प्रतिसाद द्यायला येत नाहीत, हीच अडचण आहे.

जोशीबुवा

यशोदेने कृष्णाला तोंड उघडायला लावलं तेव्हा तिला ब्रह्मांड दिसलं. म्हणजे ही तक्रार फार जुनी आहे. "याने माती खाल्ली" म्हणून चहाडी करणारी भावंडंही तेव्हापासूनची.

निमाकाकू

मी धाकट्याचं तोंड उघडलं तेव्हा चिंचोका दिसला होता. ब्रह्मांड नंतर आठवलं.

खेड्यातला_डॉक्टर

निमाकाकू, हसलो, पण चिंचोक्यावरून दोन शब्द लिहितोच, कारण धाग्यात सगळे घाणीला घाबरतायत आणि खरी भीती आकाराची आहे.

खेळण्यांच्या तपासणीत एक छोटं नळकांडं वापरतात, आतून साधारण ३२ मिलिमीटर रुंद. जी वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. घरी असं नळकांडं नसेल तर तुमच्या अंगठा आणि तर्जनीची गोल कडी करून तिच्यातून जे सहज पडतं ते सगळं संशयित समजा. चिंचोका, शेंगदाणा, फुटाणा, द्राक्ष, बटण, पेनचं टोपण, फुटलेल्या फुग्याचा तुकडा. दाणे-फुटाणे गावाकडे पहिल्या नंबरवर.

वस्तू अडकली आणि बाळ जोरात खोकतंय, आवाज येतोय, तर खोकू द्या. मध्ये पडू नका. खोकला दुबळा झाला, आवाज बंद झाला, ओठ काळेनिळे व्हायला लागले, तर एकाला दवाखान्याची गाडी बोलवायला सांगा आणि बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून दोन खांद्यांच्या मधे पाच ठोके द्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. पुन्हा पाठ, पुन्हा छाती. दिसत नसताना घशात बोट घालू नका, वस्तू आत जाते. ही पद्धत वर्षाच्या आतल्या बाळांची आहे. वाचून येत नाही, कुणाकडून तरी बाहुलीवर एकदा करून घ्या.

आणि कैरीताई, तो रिमोट. मागचं झाकण स्क्रूने बसतं की नुसतं सरकतं?

कैरीचं_लोणचं

टीव्हीच्या रिमोटचं सरकतं, पण त्यात पेन्सिल सेल आहेत, मोठे. का?

खेड्यातला_डॉक्टर

पेन्सिल सेलही देऊ नकाच, पण माझ्या डोक्यात बटणासारखी चपटी बॅटरी होती. दिव्याच्या माळेचा छोटा रिमोट, गाडीची किल्ली, वजनकाटा, गाणारं ग्रीटिंग कार्ड यांत असते. नाण्याएवढी ती बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर लाळेतून वीज वाहते आणि दोन तासांत आतलं अस्तर भाजून निघतं. सुरुवातीला बाळ फक्त लाळ गाळतं किंवा खायला नाकारतं, त्यामुळे "दात येतायत" म्हणून दुर्लक्ष होतं. नुसता संशय आला तरी उलटी काढायचा प्रयत्न नाही, उद्या बघू नाही, थेट एक्स-रे असलेलं हॉस्पिटल. घरातली अशी सगळी झाकणं आज रात्रीच बघा.

कैरीचं_लोणचं

बघून आले. दिवाळीच्या माळेचा रिमोट खेळण्यांच्या टोपलीत होता. झाकण नखाने उघडलं. हात थरथरत होते. तो आता माळ्यावर आहे.

रंगारी

मी रंगाच्या दुकानात बसतो, म्हणून वर डॉक्टरांनी शिशाचा ओझरता उल्लेख केला त्याला जोड. नवीन घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम २०१७ पासून लागू आहे. पण तुमच्या खिडकीच्या गजांवर चार थर चढलेले असतात आणि खालचे तीन नियमाच्या आधीचे. उभं राहायला शिकलेलं बाळ नेमकं खिडकीचा गज धरतं आणि त्याच उंचीला तोंड असतं. पोपडे निघत असतील तर कोरड्या पॉलिशपेपरने घासू नका, भुकटी घरभर होते. ओल्यानेच घासा, बाळाला दोन दिवस आजोळी पाठवा, मग नवीन रंग द्या.

रानवारा

धागा बाळापासून रंगकामापर्यंत आला. अजून दहा प्रतिसादांत मोदींपर्यंत जाईल. मूळ प्रश्नाकडे वळूया का?

मला एक कळत नाही. बाळ तोंडाने आकार "शिकतं" हे मान्य. पण तोंडाला कळलेला आकार आणि डोळ्यांना दिसणारा आकार एकच आहे, हे त्याला कसं कळतं? ते शिकावं लागतं की जन्मतःच येतं?

शंकासुर

लाख मोलाचा प्रश्न, आणि उत्तर अजून भांडणात आहे. १९७९ मध्ये मेल्टझॉफ आणि बोर्टन या दोघांनी एक महिन्याच्या बाळांना चोखणी दिली. काहींना गुळगुळीत, काहींना वर गाठी असलेली. बाळाला ती दिसणार नाही अशा बेताने तोंडात घातली, दीड मिनिट चोखू दिली, काढून घेतली. मग दोन मोठे गोळे समोर धरले, एक गुळगुळीत, एक गाठींचा. बहुतेक बाळं आपण चोखलेल्या प्रकाराकडे जास्त वेळ बघत राहिली. म्हणजे जीभ आणि डोळे एकमेकांशी आधीपासूनच बोलतात, असा निष्कर्ष निघाला. गाजला.

पुढे १९९९ मध्ये कॅनडातल्या डॅफ्नी मॉरर आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, आणि त्यांना तसं काही दिसलं नाही. त्यामुळे महिन्याच्या बाळाबद्दल छातीठोक कुणीच बोलू नये. सात महिन्यांच्या बाळाबद्दल मला वाटतं की "तोंडात, बाहेर, नजर" ही जी फेरी कैरीताईंनी पाहिली, तिच्यातूनच ही जोडणी पक्की होत असावी. हे माझं मत, पुरावा नव्हे.

दिशा_दाखव

मी गोव्यात दृष्टिहीन लहान मुलांबरोबर काम करते, म्हणून या प्रश्नावर लिहावंसं वाटलं. आमच्याकडची मुलं वस्तू तोंडात घालणं दीड-दोन वर्षांनंतरही कितीतरी दिवस चालू ठेवतात. नवीन पालक पहिली तक्रार हीच घेऊन येतात, आणि नातेवाईक "सोड, घाण" म्हणून हातातून ओढून घेतात. आम्ही सांगतो, ओढू नका. डोळ्यांची बाजू नाही, बोटं अजून तयार नाहीत, मग तोंड काढून घेतल्यावर त्याच्याकडे राहिलं काय? आम्ही हळूहळू बोटांना काम देतो. तीच वस्तू ओठाला लावलेली असताना तिच्यावर मुलाचं बोट फिरवतो. काथ्या, नारळाची करवंटी, साटीन, थंड वाटी. बोटं हुशार झाली की तोंड आपोआप मागे सरतं.

बुवा, तुमचं म्हणणं डॉक्टरांनी खोडलं, पण त्याच्यात एक कण खरा आहे. नजर नसेल तर तोंड जास्त दिवस लागतं. फक्त डोळस बाळाला ते नजरेच्या *ऐवजी* नसतं, नजरेच्या जोडीला असतं.

जोशीबुवा

चला, कण तरी वाचला. आभारी आहे.

खेड्यातला_डॉक्टर

दिशाताई, फार छान. डोळस बाळातही हेच होतं, नुसतं वेगाने. एक बोट वेगळं काढून वस्तूच्या खाचेत घालता यायला लागलं की तोंडाची पाळी कमी येते. घरी बघायचं असेल तर बाळाला खाच असलेली वस्तू द्या. सहाव्या महिन्यात खाच जिभेला सापडते, दहाव्यात तर्जनीला.

निमाकाकू

म्हणून दहाव्या महिन्यात पोरं नाकात बोट घालतात होय. माझ्याही आणि प्लगाच्या भोकातही.

कैरीचं_लोणचं

सगळ्यांचे आभार. चार दिवसांनी येतेय, त्यामुळे अहवाल देते.

अर्धवटरावांचा प्रयोग केला, लाटण्याऐवजी स्टीलची वाटी आणि लाकडी पळी. पहिल्या दिवशी वाटी तोंडाला लावली आणि दचकून लगेच बाहेर काढली, थंड लागली असणार. मग तिच्याकडे बघितलं, पुन्हा लावली, पुन्हा दचकला. असं सहा वेळा. सातव्यांदा दचकला नाही, कारण तोवर वाटी त्याच्या हातांनी कोमट झाली होती. तेव्हा त्याने ती फिरवून खालची बाजू लावली, जी अजून गार होती, आणि पुन्हा दचकला! नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तो बघत राहिला आणि म्हणाला, "याला कळतंय की रे."

सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, दात येताना थंड बरं वाटतं. त्यांचंही खोटं नाही म्हणा, काल खालच्या हिरडीवर पांढरी रेघ दिसली.

पळीचं मात्र काही कळलं नाही. ती त्याने तोंडात घातलीच नाही, नुसती फेकली. दर वेळी. शंकासुर, हे कशात बसतं?

शंकासुर

पळी त्याच्यासमोर रोज आमटीत असते. कदाचित वासावरून ओळख आधीच झाली असेल. किंवा फेकल्यावर तुम्ही उचलून देता, हा खेळ जास्त मजेचा वाटला असेल. किती वेळा उचलून दिलीत?

कैरीचं_लोणचं

मोजलं नाही. कंबर दुखतेय एवढं सांगते.

अर्धवटराव

वही ठेवा हो ताई. आणि पळी घरात कुणाला हवी आहे का ते आधी विचारून घ्या.